गार झालेला टोस्ट आणि जळक्या कडा

आमच्याकडे मुलांचा नाश्ता सातच्या आत होतो आणि सासूबाईंचा नवकारशीनंतर. तोवर भाजलेल्या स्लाइस गार होऊन चिवट होतात. त्या परत नेहमीच्या ३ वर टाकल्या, तर मधला भाग जेमतेम गरम होतो आणि कडा काळ्या पडतात. पहिल्या भाजण्यातच कडांमधला ओलावा उडालेला असतो. मधला भाग ओलसर असल्याने सावकाश तापतो, कोरड्या कडा लगेच करपतात.

म्हणून उशिरा खायच्या स्लाइस मी आधी २ वरच, फिक्या बदामी भाजते आणि जाळीवर उघड्या ठेवते. ताटलीत ठेवल्या तर खालून वाफ धरून मऊ पडतात. खायच्या वेळी ‘रीहीट’चं बटण दाबते, ते अगदी थोडा वेळच तापवतं, त्यामुळे रंग फारसा चढत नाही. बटण नसेल तर १ वर लावून अर्ध्या मिनिटात ‘कॅन्सल’ करा आणि स्लाइस बाहेर काढून मधोमध बोट लावून बघा. टोस्टर आधीच तापलेला असेल तर त्याहूनही लवकर काढा. लोणी लावलेली स्लाइस मात्र तव्यावरच गरम करा. टोस्टरमध्ये लोणी गळून धूर होतो.

बेगल आडवा कापून भाजायचा. बऱ्याच टोस्टरमध्ये ‘बेगल’चं बटण कापलेली बाजू जास्त भाजतं आणि पाठ कमी. ती बाजू कुठे वळवायची हे माहितीपुस्तिकेत बघून घ्या. उलटा ठेवला तर पाठ कडक होते आणि आतली बाजू पांढरीच राहते.