पाकिटातली घडी

माझ्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे एक कागद घडी करून ठेवलेला असतो. वर शीर्षक नाही. कुणाच्या हाती लागला, तर सामानाची यादी समजून परत देईल.

तो पहिल्यांदा लिहिला तेव्हा मी पस्तिशीत होते आणि जगणं संपवावं असे विचार येऊ लागले होते. समुपदेशक बाईंनी वहीतलं पान फाडून पुढे सरकवलं. मला वाटलं, आता ‘स्वतःला काही करणार नाही’ असं लिहून घेतील. तसलं वचन त्यांना नको होतं. काय करायचं नाही एवढंच वचन सांगतं. रात्री दोन वाजता काय करायचं, हे त्यात नसतं. त्यांना हवी होती सुरक्षा योजना, स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बेतलेली. तिच्या सहा पायऱ्या असतात आणि त्या माणूस शांत असताना लिहायच्या, कारण संकटात डोकं अरुंद होतं, एरवी सहज सुचणारं नावही आठवत नाही.

पहिली पायरी धोक्याच्या खुणांची. मी लिहिलं, ‘खूप उदास वाटतं.’ बाईंनी ते खोडायला लावलं. “उदास तर तुम्ही एरवीही असता. शेजारणीला दिसेल असं काहीतरी लिहा.” बराच वेळ आठवल्यावर सापडलं : रात्रीची भांडी सकाळपर्यंत तशीच राहतात. फोन वाजला की मी तो पालथा ठेवते. आणि ‘माझ्यावाचून यांचं बरं चालेल’ हे वाक्य मनात रागाने नाही, हिशेब केल्यासारखं शांतपणे येतं. ही तिसरी खूण शेजारणीला दिसणार नाही, पण बाईंनी तिच्याखाली रेघ मारली.

दुसऱ्या पायरीवर एकटीने करायच्या गोष्टी आहेत. माझ्या अगदी साध्या आहेत : अंघोळ, गच्चीवर फेऱ्या, जुनी नाट्यगीतं. त्यांनी दुःख जात नाही. लाट ओसरेपर्यंत वेळ निघतो, आणि ती ओसरते.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर माणसं. त्यांच्या मात्र दोन याद्या असतात, हे मला तेव्हाच कळलं. पहिलीत अशी माणसं आणि जागा, जिथे मनातलं काहीच सांगायचं नाही, नुसतं जाऊन बसायचं. वाचनालय, आणि आमच्या वहिनी. वहिनींना सांगितलं तर त्या रडतील आणि मलाच त्यांना धीर द्यावा लागेल. पण त्यांच्या ओट्याशी मटार सोलत बसलं की तास निघून जातो. दुसऱ्या यादीत फक्त तीच माणसं, ज्यांना सरळ सांगता येईल. माझ्याकडे दोन निघाली, एक मैत्रीण आणि धाकटा भाऊ. नाव लिहिण्याआधी त्यांना विचारायचं असतं. मैत्रिणीला म्हटलं, “एखाद्या रात्री फोन करून म्हटलं, आज मला एकटं राहायचं नाही, तर काय करशील?” ती म्हणाली, “रिक्षा करून येईन. बोलायचं की नुसतं बसायचं, ते तेव्हाच सांग.” मग ‘आज मला एकटं राहायचं नाही’ हेच वाक्य तिच्या नंबरासमोर लिहिलं, कारण त्या वेळी शब्द जुळवता येत नाहीत.

पाचव्या पायरीवर डॉक्टर आणि हेल्पलाइन. सहावी घर सुरक्षित करण्याची : ज्याने इजा होऊ शकते ते हाताशी ठेवायचं नाही. माझ्या गोळ्या तेव्हापासून भावाकडे असतात, तो आठवड्यापुरत्या देतो. सुरुवातीला अपमान वाटला होता. पण टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि मधलं अंतर तेवढा वेळ मिळवून देतं. सहाही पायऱ्यांत मी हिलाच सर्वांत वजनदार मानते.

वर्षं गेली तसा कागद बदलला. मैत्रीण लेकीकडे कॅनडाला गेली. तिचं नाव राहिलं, पण आमच्या रात्री तिकडे दिवस असला तरी रिक्षा करून ती येणार नाही. म्हणून पलीकडच्या इमारतीतल्या काकूंना विचारलं. पाळी जाण्याच्या काळात झोप उडाली आणि खुणाही बदलल्या. आता भांडी घासून होतात, पण पहाटे तीनला उठून मी कपाटं आवरत बसते. ही खूण भावाने सांगितली, मला ती कामसूपणाच वाटत होती. ऑक्टोबर 2022मध्ये सरकारची टेलि-मानस सेवा सुरू झाल्यावर 14416 हा नंबर आला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आधीच्या एका हेल्पलाइनचा नंबर लागेनासा झाला होता, म्हणून हा बऱ्या दिवशीच लावून पाहिला.

पायऱ्या क्रमाने चढाव्यात असंही नाही. गच्चीवरच्या फेऱ्यांनी भागणार नाही असं जाणवलं, तर मधलं सगळं सोडून थेट माणसाला फोन, आणि जीव धोक्यात असेल तर 112. 112 हा नंबर सोडला तर हे बाईंनी पहिल्याच दिवशी पानाच्या समासात उभं लिहिलं होतं. दर वेळी नवा कागद करताना मीही ते उभंच लिहिते.