नाळ आधी आली तेव्हा

डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती. 'कॉर्ड प्रोलॅप्समुळे इमर्जन्सी सिझेरियन, मदर अँड बेबी वेल.' त्याखाली टाके काढायची तारीख, लोहाच्या गोळ्या आणि घाईतली सही. ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवून तिने आधी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मग विचारलं, "मॅडम, त्या सिस्टरनी हात आत का ठेवला होता? मी काढा काढा म्हणून ओरडत होते. काढला नाही त्यांनी. ट्रॉलीवरसुद्धा नाही काढला."

बाळ तोवर दोन महिन्यांचं झालं होतं. या दोन महिन्यांत तिने हे कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आपल्या बाबतीत काहीतरी वाईट केलं गेलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आणि खरं तर त्याच हाताने तिचं मूल वाचवलं होतं.

मी रत्नागिरीत प्रसूतितज्ज्ञ आहे. ती जयगडच्या बाजूच्या एका गावातली. दुसरं बाळंतपण, पहिलं नॉर्मल झालेलं. ऑपरेशन दुसऱ्या रुग्णालयात झालं होतं, माझ्याकडे ती तांबी बसवायची चौकशी करायला आली होती. तांबीचा विषय त्या दिवशी बाजूलाच राहिला.

मला राग आला तो पुढचं ऐकून. ऑपरेशनची संमती नवऱ्याने दिली. झाल्यावर डॉक्टर बाहेर येऊन नवऱ्याशी बोलले, दिराशी बोलले. बाळाला चार दिवस काचेच्या खोलीत ठेवलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी सासूला समजावलं. ज्या बाईच्या पोटावर सुरी चालली, तिच्या खाटेशी रोज राउंड झाला, टाके बघितले, लघवीची पिशवी बघितली, आणि काय झालं होतं ते मात्र तिला कुणी सांगितलं नाही. तिच्यापर्यंत आल्या त्या घरच्यांच्या गोष्टी. नवरा म्हणे, नाळ बाळाच्या गळ्यात अडकली होती. सासू म्हणे, हिला पडून राहा सांगितलेलं, ही उठून संडासला गेली म्हणून झालं. गळ्यातली नाळ हा प्रकारच वेगळा, तो पुष्कळ बाळांच्या बाबतीत असतो आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. सासूच्या वाक्याने मात्र ती खचली होती.

मी नवऱ्याला केसपेपरच्या प्रतीसाठी अर्ज करायला सांगितला. पुष्कळांना माहीत नसतं, पण मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. कागद मिळाले, आणि ते वाचता वाचता माझा राग अर्धा उतरला. काय सुरेख काम केलं होतं त्या लोकांनी! इतकं चांगलं काम करून ते त्या बाईपासून लपल्यासारखं राहावं, याचं वाईट वाटलं, आणि उरलेला अर्धा राग त्यामुळेच टिकला.

त्या रात्रीचा सगळा निकाल एका सिस्टरच्या सवयीवर लागला. रात्री पावणेतीनच्या सुमारास पाणमोट फुटली. सिस्टरने चादर बदलायच्या आधी बाळाचे ठोके ऐकले. थोड्या वेळापूर्वी मिनिटाला १४० असलेले ठोके ७० वर आले होते. तिने लगेच आतून तपासलं, तर बाळाच्या डोक्याच्या पुढे नाळ लागली, बोटाखाली उडत असलेली. तिथून तिने हात काढला नाही. नोंदीत फक्त 'डोकं वर ढकलून धरलं' एवढं आहे, पण आम्हाला त्यातून सगळं कळतं. डोकं खाली आलं की नाळ डोक्याच्या आणि कटीच्या हाडाच्या मध्ये चेपते आणि बाळाचा रक्तपुरवठा बंद होतो. दोन बोटांनी डोकं वर उचलून धरायचं, नाळेला शक्यतो स्पर्श करायचा नाही, कारण हाताळल्यानेही नाळेच्या रक्तवाहिन्या आकसतात. प्रत्येक कळेला डोकं त्या बोटांवर सगळ्या जोराने येतं. हाताला मुंग्या येतात, मनगट बधिर होतं. ज्याने हे केलंय त्यालाच माहीत. खाटेवरून ट्रॉलीवर, बोळातून थिएटरमध्ये, टेबलावर, आणि पोटावर निर्जंतुक चादरी घातल्यावर त्यांच्या खालीसुद्धा तो हात तसाच होता. वरून डॉक्टरने बाळ उचललं तेव्हाच तो बाहेर आला.

हे सगळं मी तिला तोंडी सांगितलं असतं तर ती मान हलवून घरी गेली असती आणि सासूच्या एका वाक्याने पुन्हा जिथल्या तिथे आली असती. म्हणून लिहून द्यायचं ठरवलं. क्रम मात्र केसपेपरचा ठेवला नाही. तिला जे जाणवलं होतं, तिथून सुरुवात केली. मधला भाग असा होता:

'तुमची पाणमोट फुटली तेव्हा पाण्याबरोबर नाळ खाली आली. बाळाचं डोकं अजून वर होतं, त्यामुळे खाली जागा मोकळी होती. नाळेवर डोक्याचा दाब पडू लागला आणि बाळाचे ठोके निम्म्यावर आले. सिस्टरने डोकं वर धरून ठेवण्यासाठी हात आत ठेवला. तो काढला असता तर बाळाला रक्त मिळणं बंद झालं असतं. तुम्हाला खूप दुखलं, तुम्ही काढा म्हणालात, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. त्या क्षणी समजावून सांगायला कुणी थांबलं नाही.

'तुमच्या लघवीच्या पिशवीत नळीतून अर्धा लिटर सलाईन भरलं. फुगलेल्या पिशवीमुळे डोकं वर राहायला मदत होते. पोट उघडण्याआधी ते काढून टाकलं. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडलं होतं. पूर्ण, म्हणजे दहा उघडलं असतं तर कदाचित चिमटा लावून खालून बाळंतपण करता आलं असतं. पाचला ते शक्य नव्हतं.

'पाठीत इंजेक्शन न देता तुम्हाला पूर्ण झोपवलं, कारण तुम्हाला बसवलं असतं तर डोकं खाली आलं असतं, आणि वेळही नव्हता. म्हणून तुम्हाला पुढचं आठवत नाही. घशात श्वासाची नळी घातली होती. जाग आल्यावर घसा दुखत होता तो त्या नळीमुळे.

'बाळ सव्वातीनच्या सुमारास बाहेर आलं. ते लगेच रडलं नाही. साधारण एक मिनिट पिशवी आणि मास्कने श्वास दिल्यावर रडलं. नंतर झटके आले नाहीत, दूध ओढायला लागलं.'

'सुमारास' लिहावं लागलं, कारण लेबर रूमच्या नोंदीत ३ वाजून १६ मिनिटं आहेत आणि भूलतज्ज्ञांच्या कागदावर ३ वाजून १९. दोन भिंतींवरची दोन घड्याळं. कुठलंही धरलं तरी नाळ लागल्यापासून साधारण अर्ध्या तासात बाळ बाहेर होतं. मध्यरात्री, थिएटर उघडण्यापासून सुरुवात करून.

पुढच्या खेपेचंही लिहिलं. गर्भपिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा आहे, फाटत वर गेलेला नाही, रक्त चढवावं लागलं नाही. नाळ खाली येणं दर वेळी घडतंच असं नाही. त्यामुळे दोन वर्षांचं अंतर ठेवून पुढचं बाळंतपण नॉर्मल करायचा प्रयत्न करता येईल. जुना टाका उसवण्याची शक्यता साधारण २०० जणींत एकीची, म्हणून ते जिथे ऑपरेशनची आणि रक्ताची सोय आहे तिथेच व्हायला हवं. छेदाची ही माहिती डिस्चार्ज कार्डावर नव्हती. उद्या ही बाई मुंबईला किंवा कोल्हापूरला नाव घालायला गेली, तर तिथल्या डॉक्टरला तिच्या पोटावरचा टाका दिसेल, पिशवीवरचा कसा दिसणार? इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट आहे की सिझर का झालं ते घरी सोडण्याआधी बाईशी बोलायचं, आणि पुढच्या बाळंतपणाची माहिती तोंडी द्यायची आणि छापूनही द्यायची. आपल्याकडे कार्डाच्या मागची बाजू कोरीच असते.

असं लिहिल्याने सगळ्यांचं भलंच होतं, असंही मी म्हणणार नाही. मेलबर्नला झालेला हजारावर बायकांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. सिझर किंवा चिमट्याने बाळंत झालेल्या बायकांशी घरी जाण्याआधी सुईणींनी बसून त्या अनुभवाविषयी बोलणं केलं. नैराश्य त्याने कमी झालं नाही, काहींना उलट त्रास झाला असावा अशी शंका राहिली. म्हणून 'बाळ लगेच रडलं नाही' हे लिहू की नको, यावर मी बराच वेळ अडले. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिहा. मला ठाऊकच आहे, मी आवाज ऐकला नव्हता." ती भुलेत होती, तिने आवाज ऐकणं शक्यच नव्हतं. पण मी ते तिला सांगत बसले नाही, लिहिलं.

अडचण झाली ती संडासच्या वाक्याची. मी लिहिलं होतं, 'तुम्ही उठल्यामुळे नाळ खाली आली, असं म्हणता येत नाही. डोकं वर होतं आणि पाणी थोडं जास्त होतं. तुम्ही झोपून असतात तरी पाणमोट फुटताना हेच होऊ शकलं असतं. दुसऱ्या खेपेला कळा सुरू होईपर्यंत डोकं वर राहणं नेहमीचं आहे. तुम्हाला उठू नका असं सांगितल्याची नोंद कागदात नाही.' नवऱ्याला ते पुरेना. "मॅडम, 'उठल्यामुळे नाहीच झालं' असं सरळ लिहा ना, आईला दाखवायचंय." मी नाही म्हटलं. कागदातून जेवढं निघतं तेवढंच लिहायचं. एका ठिकाणी गोड करून लिहिलं तर बाकीच्या ओळींवर कुणी का विश्वास ठेवावा? त्याला ते पटलं नाही, थोडा नाराजच झाला.

कागद घेऊन सासू स्वतः आल्या. भांडायला आल्या असतील असं धरून मी तयारीत होते. त्यांनी नातीकडून तो वाचून घेतला होता. सुनेबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाल्या, "धाकटीला आता सातवा चाललाय. हे तिला होईल का, ते आधी कसं कळायचं?" इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता असा नेमका प्रश्न त्यांनी विचारला होता. त्यांच्याविषयी मनात धरलेलं सगळं मला सोडावं लागलं.

नक्की आधी कळत नाही, हे त्यांना सांगितलं. पण बाळ आडवं किंवा पायाळू असेल, पाणी जास्त असेल, शेवटच्या दिवसांतही डोकं वरच असेल, तर घरी कळांची वाट बघायची नाही. घरी पाणी गेलंच, तर लगेच निघायचं. दोरीसारखं काही हाताला लागलं किंवा दिसलं तर आत ढकलायचं नाही, ओढायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर करून ओणवं राहायचं. गाडीत तसं राहता येत नाही, तिथे डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी घेऊन. त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. मग म्हणाल्या, हेसुद्धा लिहून द्या, धाकटीचा नवरा जहाजावर असतो, नातीला फोनवर त्याला वाचून दाखवायला सांगीन.