गाढ झोपेची सबब

सगळी मेख मटणाच्या रश्श्यात आहे. आर्थर कॉनन डॉयलची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही शेरलॉक होम्सची कथा १८९२ च्या डिसेंबरात छापून आली, तेव्हापासून लोक तिच्यातल्या न भुंकलेल्या कुत्र्याचं कौतुक करत आले आहेत. मला मात्र ताटातलं कालवण जास्त हुशार वाटतं. ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांनी इथंच थांबावं, कारण शेवट मी सांगणार आहे.

डार्टमूरच्या ओसाड माळावरच्या तबेल्यातून शर्यतीचा नामांकित घोडा रातोरात नाहीसा होतो. त्याला तयार करणारा जॉन स्ट्रेकर सकाळी माळावर कपाळ फुटून मेलेला सापडतो. राखणीचं पोरगं अफूच्या गुंगीत असतं, आणि अफू होती ती त्याच्या रात्रीच्या मसालेदार मटणात.

माझी पुतणी परभणीला एम. ए. करते. रहस्यकथेवर तिला प्रकल्प करायचा होता, म्हणून पेडगावला आमच्या ओसरीवर बसून आम्ही ही कथा उसवायला घेतली. अर्नाळकर का नको, असं तिनं विचारलं. आमची पिढी बाबुराव अर्नाळकरांवरच पोसलेली. त्यांनी हजारावर पुस्तकं लिहिली आणि झुंजार, काळापहाड घराघरांत नेले. पण तिथली मजा वेगळी. झुंजार आता काय करील, याची तिथं वाट पाहायची असते. लेखकानं आपल्याला कुठं फसवलं ते शोधायचं, तर डॉयलच बरा.

वहीच्या पानावर आम्ही उभ्या रेघा मारल्या. कथेत काय सांगितलं, कोणी सांगितलं, आणि त्या क्षणी आपला संशय कोणावर गेला. एवढं नीट भरलं की चकवा कुठं आहे आणि दुवा कुठं, ते आपोआप दिसायला लागतं. (पेडगाव आणि चकवा म्हटल्यावर लोकांना वेड पांघरणं आठवतं. पण म्हणीशी नाव जोडलं जातं ते भीमाकाठच्या, बहादूरगडाच्या पेडगावचं. आमचं परभणी जिल्ह्यातलं.)

चकवा म्हणजे फिट्झरॉय सिम्पसन. घोड्यांच्या पैजांत हरलेला हा गृहस्थ त्या रात्री नऊच्या सुमारास तबेल्यापाशी येतो. मोलकरीण जेवणाचं ताट घेऊन चाललेली असते, तिला तो अडवतो. हातात घडी घातलेला पांढरा कागद, दुसऱ्या हातात शिसं भरलेल्या मुठीची काठी. राखणीचं पोरगं कुत्रा सोडायला आत धावतं, तेवढ्यात मोलकरीण मागं वळून बघते, तर हा खिडकीतून आत वाकलेला. पुढं त्याचा गळपट्टा मेलेल्या स्ट्रेकरच्या मुठीत सापडतो. हेतू, संधी, हत्यार, पुरावा, सगळं जागच्या जागी. पोलीस त्याला अटक करतात आणि वाचकही मनातल्या मनात करतो.

यातला एकही तपशील खोटा नाही, हे पुतणीच्या वहीतून निघालं. सिम्पसन खरोखर आला होता, खरोखर वाकला होता. त्याला घोड्याची आतली बातमी हवी होती, कागदात लाच होती. पळताना गळपट्टा गळून पडला आणि तो स्ट्रेकरनं उचलला, घोड्याचा पाय बांधायला कामी येईल म्हणून. शेवटी प्रत्येक खुणेला आपापलं निरुपद्रवी कारण मिळतं. कच्च्या लेखकाचा चकवा ओळखायची हीच खूण आहे: उलगडा झाल्यावर त्याच्या काही गोष्टी उघड्यावर पडून राहतात. मधेच दिसलेला काळ्या कोटातला माणूस कोण होता, हे कोणी सांगतच नाही.

आता कालवण. अफूची चव कडवट, साध्या जेवणात ती जिभेला लगेच कळते, मसाल्यात दडते. तेच मटण त्या रात्री घरच्यांनीही खाल्लं आणि कोणाला काही झालं नाही. म्हणजे अफू फक्त पोराच्या ताटात पडली. इथवर सिम्पसनवरच बोट जातं. पण त्या रात्री मसालेदार मटणच शिजणार, हे परक्या माणसाला कसं ठाऊक असणार? तो अफू घेऊन आला आणि नेमका त्याच दिवशी अफू लपवणारा पदार्थ निघाला, एवढा योगायोग होम्सला गिळवत नाही. बेत ठरवणारी माणसं घरातली: स्ट्रेकर आणि त्याची बायको. वाचकाला हे सगळं पहिल्या काही पानांतच मिळालेलं असतं. खिडकीतून वाकलेला माणूस डोळ्यांपुढं असल्यानं ताटाकडे लक्ष जात नाही, एवढंच.

कुत्र्याचा दुवाही असाच लवकर येतो, कोणाच्या ध्यानात राहत नाही. तबेल्यात कुत्रा होता हे आपल्याला माहीत असतं. वर माळ्यावर दोन पोरं निजली होती, त्यांनी रात्रभर काही ऐकलं नाही, आणि वाक्याच्या शेपटाला कारण जोडलेलं असतं: दोघांची झोप गाढ. तिथं पुतणी थांबली. “काका, कारण दिलं की आपण प्रश्नच विचारत नाही.” हेच ते. नुसतं “काही ऐकलं नाही” असतं तर मन अडखळलं असतं. सबब मिळाली की पुढं सरकतं. घोडा नेणारा कुत्र्याच्या ओळखीचा होता, हे होम्स पुढं उलगडतो तेव्हा आपण तेच वाक्य दुसऱ्यांदा ऐकत असतो.

एक नोंद मात्र कुठल्याच रकान्यात बसेना. डार्टमूरला जाताना होम्स खिडकीबाहेर बघून गाडीचा वेग सांगतो, ताशी साडेत्रेपन्न मैल. तारेचे खांब साठ-साठ यार्डांवर आहेत, बाकी हिशेब सोपा. पेडगाव स्टेशनातून परभणीकडे जाताना मी हा उद्योग करून पाहिला आहे. पॅसेंजरनं चार खांब मोजू दिले आणि सिग्नलला उभी राहिली. हा दुवाही नाही आणि चकवाही नाही. या माणसाचा हिशेब चुकत नाही, एवढं आपल्या मनावर ठसवलं की मग त्याच गाडीत तो जी हकिगत सांगतो ती आपण तपासून घेत नाही. मटण, झोपाळू पोरं, खिडकी, सगळं त्याच हकिगतीत आहे.

उलगडा डॉयल दोन हप्त्यांत करतो. आधी घोडा: कपाळावरचा पांढरा पट्टा रंगानं झाकलेला, तो ऐन शर्यतीत धावतो आणि जिंकतो. मग मारेकरी, तोही घोडाच. स्ट्रेकरवर गुप्त प्रेमप्रकरणाचं कर्ज झालेलं. आपल्याच घोड्याला शर्यतीपुरतं लंगडं करायचं आणि विरुद्ध बाजूच्या पैजेतून पैसा काढायचा, म्हणून बारीक शस्त्रानं पायाची शीर छेदायला तो त्याला माळावर नेतो. घोडा बिथरतो आणि लाथ कपाळावर बसते. खुनी शोधणाऱ्या वाचकाला खूनच झालेला नाही असं सांगायचं, आणि तरी त्याला फसवल्यासारखं वाटू द्यायचं नाही, हे अवघड काम दोन हप्त्यांमुळे जमतं. घोडा जिवंत पाहून वाचक आधीच थोडा खुशीत असतो.

मेंढ्यांवरून आमचं जुळलं नाही. स्ट्रेकरनं हात बसवायला आधी मेंढ्यांवर प्रयोग केला असणार, असा होम्सचा अंदाज. तो राखणाऱ्या पोराला विचारतो आणि कळतं की अलीकडे तीन मेंढ्या लंगडायला लागल्या आहेत. पुतणीचं म्हणणं, हा दुवा फार उशिरा हाती दिला, कथा संपत आल्यावर. न्याय झाला नाही. मला ते पटलं नाही. शस्त्र आधी दाखवलेलं आहे, डोळ्याच्या नाजूक शस्त्रक्रियेचं, मारामारीत कुचकामी. ते खिशात घालून माणूस मध्यरात्री का निघतो, एवढं विचारलं असतं तर मेंढ्यांची गरजच नव्हती. तिनं वहीत मेंढ्यांपुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि ते खोडायला ती तयार झाली नाही.

घोड्यांच्या शर्यतींतलं आपल्याला काही कळत नव्हतं, हे डॉयलनं पुढं आत्मचरित्रात हसत हसत मान्य केलं आहे. या कथेतल्यासारखं कोणी खरोखर वागलं असतं, तर निम्मे तुरुंगात गेले असते आणि उरलेल्यांना मैदानात पाय ठेवू दिला नसता. पुतणीनं यासाठी वेगळा रकाना आखला. त्यात तिनं लिहिलं: रंगवलेला घोडा शर्यतीत धावला आणि कोणी तक्रार केली नाही.