ताप उतरला त्या रात्री

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजण श्रीनगरला जाणार होतो. आम्ही दोघं, अम्मी, थोरला आणि अकरा वर्षांची धाकटी. गुरुवार, 16 नोव्हेंबरचं सकाळचं मुंबईचं विमान होतं. पनवेलच्याच एका ओळखीच्या एजंटाकडून जाण्यायेण्याची तिकिटं काढली होती. माणशी 13,400 रुपये, म्हणजे पाचजणांचे 67,000. बरेच महिने थोडे थोडे करून बाजूला टाकलेले पैसे होते ते.

रविवारी रात्री धाकटीला ताप भरला. लक्ष्मीपूजनाचा दिवस, नेहमीचे दवाखाने बंद. सोमवारी एका डॉक्टरांनी तपासून रक्त पाठवलं आणि संध्याकाळी रिपोर्ट आला, डेंग्यू. फक्त पॅरासिटामॉल द्यायचं, दुसरी कुठलीही तापाची किंवा अंगदुखीची गोळी नाही, भरपूर पाणी पाजायचं आणि रोज रक्त तपासायचं, असं त्यांनी सांगितलं. प्रवासाचं विचारलं तर म्हणाले, "बुधवारी बघू."

बुधवारी संध्याकाळी ताप उतरला. अम्मींनी शुक्र अदा केला, आम्ही बॅगांच्या चेन लावल्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी आम्ही जायचं ठरवलंच होतं. पण धाकटी पोट धरून बसली आणि तिला लागोपाठ दोनदा उलटी झाली. रात्री नऊ वाजता तिला घेऊन इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आमच्यासारख्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा आजार गेला असं समजायचं नसतं. धोक्याचे एक-दोन दिवस बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतात. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपू लागतं, रक्तदाब उतरू शकतो. पोटदुखी आणि सारख्या उलट्या या त्याच्याच खुणा. सकाळी विमानात बसवलं असतं आणि वाटेत असं झालं असतं तर सलाईन कोण लावणार होतं? तिला लगेच दाखल करून घेतलं.

रात्री दहाला तिकिटांची आठवण झाली. विमान कंपनीला फोन लावला तर उत्तर मिळालं, तिकीट एजंटाकडून काढलंय, रद्दही तोच करील. एजंटाचं दुकान बंद. त्याच्या घरी फोन केला आणि साडेअकराला तिकिटं रद्द झाली. ही धावपळ केली नसती तर पुढचं सगळं फुकट गेलं असतं. न कळवता विमान चुकवलं तर त्याला 'नो-शो' म्हणतात आणि मूळ भाड्यातलं बहुतेक वेळा काहीच परत मिळत नाही. सर्टिफिकेट चार दिवसांनी देता येतं, रद्द करणं मात्र विमान सुटण्याआधीच, तेही कंपनीच्या वेळेत व्हावं लागतं.

रद्द करण्याचा दंड होता माणशी प्रत्येक फेरीला 4,000, म्हणजे पाचजणांचे 40,000. बुकिंगचे माणशी 300 असे 1,500 परत मिळणारे नव्हतेच. उरले 25,500. आता आजाराचं कारण सांगून दंड माफ होतो का, एवढाच प्रश्न होता.

पहिलं सर्टिफिकेट आम्ही सोमवारच्या डॉक्टरांकडून आणलं. त्यावर लिहिलं होतं, ताप आहे, पाच दिवस विश्रांतीचा सल्ला. कंपनीने दोन दिवसांत अर्ज फेटाळला. रागावलो, मग शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की कागदावर प्रवास हा शब्दच नव्हता. विश्रांती घ्या आणि विमानात बसू नका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं सर्टिफिकेट इस्पितळातून घेतलं. त्यात आजाराचं नाव होतं, दाखल केल्याची तारीख होती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत विमानप्रवासास असमर्थ हे होतं आणि आईने सोबत राहणं आवश्यक, हेही होतं. खाली डॉक्टरांची सही, तारीख आणि नोंदणी क्रमांक. सोबत रक्ताचा रिपोर्ट आणि डिस्चार्जचा कागद जोडला. नाव तिकिटावरच्या स्पेलिंगप्रमाणेच लिहून घेतलं.

कागद देताना एजंट हळूच म्हणाला, "भाई, तिघांचंही असंच एकेक आणा. तापाची साथ आहे, कोण विचारतंय?" तिघांचा दंड 24,000 होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, नाही म्हणायला जीभ लगेच वळली नाही. घरी अम्मींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरगी अल्लाहने परत दिली. आता चांगल्या माणसाला आजारी म्हणून लिहून घ्यायचं?" विषय तिथेच संपला. पुढे कळलं की डॉक्टरांना दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद ठेवावी लागते आणि खोटं दिलं तर त्यांचं नाव नोंदवहीतून निघू शकतं. म्हणजे आमच्या 24,000 साठी आम्ही दुसऱ्याची रोजी पणाला लावणार होतो.

कंपनीने धाकटीचा आणि तिच्या आईचा दंड माफ केला, 16,000 रुपये. बाकी तिघं निरोगी होते, जाऊ शकत होते, असं तिचं म्हणणं. घर म्हणून ते आम्हाला पटलं नाही, पण कागदाच्या हिशेबात चूक नव्हती. माफी देणं ही कंपनीची मर्जी होती, म्हणून ती रोखीत न मिळता सहा महिन्यांच्या क्रेडिटच्या रूपात, त्या दोघींच्याच नावावर आली.

घोळ उरला 25,500 चा. एजंट म्हणाला, तेही क्रेडिटमध्येच जमा झालंय. इथे मात्र आम्ही अडून बसलो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तेव्हाचा नियम साफ होता. जो परतावा नियमाने मिळायचा, तो पैशात घ्यायचा की क्रेडिटमध्ये, हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही. एजंटाकडून तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीची आणि मुदत कामाच्या 30 दिवसांची. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नव्हता, म्हणून सरकारी कर आणि विमानतळाचे आकार कुठल्याही तिकिटावर परत मिळायलाच हवे होते. हे सगळं तारखांसह एका पानावर लिहून कंपनीला पाठवलं, एजंटाला प्रत दिली आणि मुदत संपल्यावर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. जानेवारीत पैसे खात्यात आले.

श्रीनगरच्या हाऊसबोटवाल्याला आम्ही फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं की मुलीला डेंग्यू झालाय, इस्पितळात आहोत. सर्टिफिकेट पाठवतो म्हटलं तर म्हणाला, "कागद कशाला? बेटी बरी झाली की या." बयाणा त्याने तसाच ठेवला.

क्रेडिट संपायच्या आत, एप्रिलमध्ये आम्ही गेलो. दोघींच्या तिकिटांतून 16,000 वजा झाले, तिघांची पूर्ण पैशाने काढली. या वेळी पनवेलहून निघताना बॅगेत धाकटीचा जुना डिस्चार्जचा कागद अम्मींनी स्वतःहून ठेवला होता. कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. या कागदाने बरंच शिकवलंय."