पुरळ उठले, पण ॲलर्जी नव्हे

बोईसरला राहणाऱ्या माझ्या सोळा वर्षांच्या पुतण्याला ताप व घसादुखी झाली. टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या मागे गाठी. जिवाणूंचा संसर्ग समजून अमॉक्सिसिलिन सुरू झाले. सातव्या दिवशी छाती-पाठीवर तांबूस पुरळ उमटले आणि ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे घरात ठरून गेले.

पालघरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून वेगळेच निदान केले: संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस. हा लाळेतून, उष्ट्या पेल्यातूनही पसरणारा एपस्टाईन-बार विषाणूचा आजार; प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग नाही. या काळात शरीराच्या संरक्षक पेशी अतिशय उत्तेजित असतात. त्यात अँपिसिलिन किंवा त्याचेच भावंड अमॉक्सिसिलिन दिले की अनेकदा असे पुरळ उठते व औषध थांबवल्यावर ओसरते. ती बहुधा कायमची ॲलर्जी नसते. मात्र गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे ही लक्षणे निराळी आणि गंभीर होत. म्हणून पुरळाचे छायाचित्र, औषधाचे नाव व तारीख जपून ठेवावी. ॲलर्जीचा शिक्का डॉक्टरांनीच ठरवावा.

दुसरी सूचना प्लीहेची. डाव्या बरगड्यांखालचा हा अवयव सुजून नाजूक होतो. ताप उतरला, मुलगा हिंडू लागला, तरी आजार सुरू झाल्यापासून किमान ३ आठवडे कबड्डी, क्रिकेट आणि दुकानातील पोती उचलणे वर्ज्य. पुढे डॉक्टरांच्या अनुमतीने. पोटाच्या डाव्या बाजूस वा डाव्या खांद्यात अचानक कळ आली, चक्कर आली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.