तीनशे चाळीस पेपर तपासले, मिळाले दोन हजार चाळीस

पोस्ट लांब आहे. घरात कुणी प्राध्यापक असेल, किंवा मुलगा-मुलगी कॉलेजात असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात आपल्या तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मॅडमनी मला एक बिल दाखवलं. मॅडम सीएचबीवर आहेत, म्हणजे तासिका तत्त्वावर. परीक्षा सुरू झाली की तास बंद, तास बंद म्हणजे मानधन बंद. त्या दोन महिन्यांत हातात येतो तो पेपर तपासणीचाच पैसा. कॅप सेंटरला जाऊन त्यांनी एकूण ३४० उत्तरपत्रिका तपासल्या. बिल आलं २०४० रुपयांचं. त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसलेल्या एका सरांनी २०० तपासल्या, त्यांना २००० मिळाले. म्हणजे मॅडमच्या वरच्या १४० पेपरांची किंमत झाली चाळीस रुपये.

"दादा, बातमी नका लावू, पुढच्या वर्षी ऑर्डर नाही निघणार माझी. फक्त हे बरोबर आहे का तेवढं सांगा," मॅडम म्हणाल्या. त्यामुळे विद्यापीठाचं नाव, कॉलेजचं नाव, विषय, काहीच लिहीत नाही. हिशोब मात्र लिहितो.

दर असा होता : एका उत्तरपत्रिकेला १० रुपये, २०० ची मर्यादा, त्यापुढे ६ रुपये. अशी पायरी लावण्यामागे एक कारण सांगतात आणि एक सांगत नाहीत. सांगतात ते असं, की जास्त पेपरांच्या मोहाने कुणी धावत तपासू नये. न सांगितलेलं कारण म्हणजे खर्च. पहिलं कारण मला पटत नाही. धावत तपासू नये असं वाटत असेल तर दिवसाला इतकेच गठ्ठे द्यायचे, पुढचा गठ्ठा उद्या, अशी सोपी सोय आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती असतेही. दर कमी केल्याने माणूस सावकाश तपासत नाही. उलट कमी पैशाच्या पेपराला कमी वेळ देतो.

आता ओळ बघा. परिपत्रकात लिहिलेलं होतं, "२०० पेक्षा जास्त उत्तरपत्रिका तपासल्यास प्रति उत्तरपत्रिका ६ रुपये." बिल बनवणाऱ्या भाऊसाहेबांनी याचा अर्थ लावला की २०० ओलांडले की सगळेच पेपर ६ च्या दराने. ३४० गुणिले ६, झाले २०४०. हेच "२०० नंतरच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेस" असं लिहिलं असतं तर पहिले २०० दहाने म्हणजे २०००, वरचे १४० सहाने म्हणजे ८४०, एकूण २८४०. एका शब्दाने आठशे रुपये गेले.

भाऊसाहेबांचा अर्थ खरा धरला तर गंमत बघा. २०० पेपर तपासणाऱ्याला २०००. त्याने २०१ वा पेपर उचलला की बिल १२०६. एक पेपर जास्त तपासला म्हणून ७९४ रुपयांचा दंड! तिथून थेट ३३३ पेपरांपर्यंत तो तोट्यातच, कारण ३३३ ला १९९८ होतात. ३३४ व्या पेपरला तो पहिल्यांदा दोन हजारांच्या वर जातो. कुठल्याही शहाण्या कार्यालयाला असा नियम अपेक्षित नसणार. आयकराचे टप्पे सगळ्यांना माहीत आहेत, वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. इथेही तसंच असायला हवं.

मी मॅडमना विचारलं, ३४० एकाच विषयाचे होते का? नाही म्हणाल्या. तिसऱ्या वर्षाचे १९० आणि दुसऱ्या वर्षाचे १५०. मग तिसरा प्रश्न उभा राहिला. ही २०० ची मर्यादा कशाची? एका प्रश्नपत्रिकेची असेल तर मॅडमनी ती कुठेच ओलांडलेली नाही, सगळे ३४० दहाने, म्हणजे ३४०० रुपये. परिपत्रकात ते लिहिलेलंच नाही. तेच काम, तोच माणूस, आणि वाचणाऱ्यागणिक २०४०, २८४० किंवा ३४००.

वेळेचं सांगतो. ८० गुणांचा वर्णनात्मक पेपर नीट वाचून, गुण आत देऊन, वर चढवून, बेरीज करून १२ मिनिटं तर लागतातच. तासाला पाच, सात तास बसलं तर पस्तीस. दहाच्या दराने दिवसाचे ३५०, सहाच्या दराने २१०. २०२४-२५ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. मजुरी कमी करा असं मी म्हणत नाही, उगाच कुणी भांडू नका. पायरीच्या खालचा पेपर कुठल्या भावाने तपासला जातो एवढंच दाखवतोय.

आणि नाही म्हणायची सोय फारशी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा आणि मूल्यांकनाचं काम शिक्षकांवर बंधनकारक आहे. त्याच कायद्यात निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असंही आहे. मुंबई विद्यापीठात २०१७ ला निकाल किती लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना कसं पदावरून जावं लागलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यामुळे कॅपवर घाई असतेच. पगारी प्राध्यापक बरेचदा सुरुवातीचे गठ्ठे संपवून निघतात, उरलेले सीएचबीवाल्यांच्या टेबलावर येतात. म्हणजे सहा रुपयांचे पेपर बहुतेक वेळा ज्याला पैशाची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याच वाट्याला.

पालकांनी इथे लक्ष द्यावं. तुमच्या मुलाचा पेपर दहाच्या गठ्ठ्यात होता की सहाच्या, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, कारण कोडिंगनंतर नंबर झाकलेला असतो. पण झेरॉक्स प्रत मागवली तर घाई दिसते. आतल्या पानावर गुण आहेत, पण पहिल्या पानावर चढलेले नाहीत. पुरवणी न उघडलेली. चार प्रश्नांना ओळीने सारखेच गुण. बेरजेत चूक. संगणकाच्या पडद्यावर तपासणी असेल तिथे बेरीज यंत्र करतं, पण उत्तर वाचलं की नाही हे ते सांगत नाही.

मॉडरेटर आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत, पण ते नमुन्यादाखल थोडेच पेपर बघतात. नमुना पहिल्या गठ्ठ्यांतून निघाला तर काम चांगलंच दिसणार. शेवटच्या दिवसाचे गठ्ठे मुद्दाम काढून बघितले तर खरी परिस्थिती समोर येईल, आणि त्याला एक रुपया जास्त लागत नाही.

मॅडमनी लेखी अर्ज दिलाय. त्यात दोनच प्रश्न आहेत : कमी दर फक्त मर्यादेनंतरच्या पेपरांना की सगळ्यांना, आणि मर्यादा प्रत्येक प्रश्नपत्रिकेची की पूर्ण हंगामाची. आवक क्रमांक घेतलाय, उत्तर अजून नाही.

ज्यांनी यंदा पेपर तपासलेत त्यांनी आपलं बिल काढा आणि प्रवासभत्ता वगळून उरलेल्या रकमेला पेपरांच्या संख्येने भागा. उत्तर बरोब्बर कमी दराएवढं आलं, तर तुमचेही पहिले पेपर खालच्या दराने धरलेत. बिलाचा फोटो नाव झाकून इनबॉक्सला पाठवा. नाव कुठेही जाणार नाही.