टोपलीतली वाळू

तारकर्लीला धाकट्या बहिणीने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेलो, तो दारातच तक्रार! "दादा, ही मेली टोपली फिरणाच नाय! उद्या पावणे येतले."

पायाने पेडल दाबून मॉप पिळायची बादली होती ती. आतली जाळीची टोपली चार दिवस डगमगत होती, आता अगदीच बसली. मी पंडिताच्या थाटात निदान केले, "गिअर गेला. नवी बादली घे."

बहिणीने बादली रिकामी केली, टोपली वर ओढून काढली आणि नुसतेच पेडल दाबले. मधला दांडा गरगर फिरला! म्हणजे गिअर शाबूत होता. पेडल खाली जाऊनही दांडा हलला नसता, तर आतले दाते झिजलेले समजायचे. पेडल वर परतले नसते, तर स्प्रिंगचा दोष.

मग तिने टोपली उलटी केली. बुडाच्या खोबणीत पाहुण्यांच्या पायांबरोबर आलेली वाळू आणि केस घट्ट बसले होते. टोपली दांड्यावर पुरती बसतच नव्हती. म्हणून आधी डोले आणि पुढे दांडा आतल्या आत एकटाच फिरे. जुन्या दातब्रशाने खोबण साफ केली, टोपली 'टक्' होईपर्यंत दाबली, मॉप मधोमध ठेवला. फिरली की!

खोबणच झिजली असती, तर मात्र टोपली बदलावी लागली असती, बादली नव्हे.

आता कॉलेजात उत्तरपत्रिका तपासताना, शून्य देण्यापूर्वी मी पुरवणी उलटून पाहतो.